'जेवलीस का?' 'हो, आत्ताच!'

दुपारचे दोन वाजलेत. तुम्ही बिल्डिंगचा जिना उतरताय आणि समोरून काकू वर येतायत. "काय गं, जेवलीस का?" तुमच्या तोंडून आपोआप निघतं, "हो काकू, तुमचं?" त्या म्हणतात, "झालं की!" आणि दोघी आपापल्या वाटेने जाता. खरं तर तुम्ही सकाळच्या चहा-बिस्किटावर आहात. पण हे काकूंना नंतर कळलं, तरी आपल्याला फसवलं असं त्यांना वाटणार नाही. कारण त्यांनी जेवणाबद्दल विचारलंच नव्हतं.

मग विचारलं काय होतं? मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ साली अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. (आमच्याकडे हा टीप लिहायचा हमखास प्रश्न!) तब्येतीची चौकशी, हवापाण्याच्या गप्पा यांतून माहिती मिळवायची नसते, माणसं जोडलेली ठेवायची असतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे काकूंच्या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की 'तू दिसलीस, आपलं बरं चाललंय ना?'

पण एकदा खरं उत्तर देऊन बघा. "नाही ना काकू, आज मेस बंद आहे." झालं! आता काकू अडकल्या. त्यांना नुसतं "बरं" म्हणून वर जाता येत नाही. "मग चल की वर, दोन पोळ्या खाऊन जा," असं म्हणावंच लागतं. घरात पोळ्या उरल्यात की नाही, हा मुद्दा वेगळा. तुम्हालाही लगेच "नको नको, खाईन काहीतरी" म्हणावं लागतं. तुम्ही नुसती माहिती दिलीत, पण काकूंच्या कानाला ती मागणी वाटली.

संभाषणांचा अभ्यास करणारे हार्वे सॅक्स यांनी १९७५च्या एका निबंधात हेच 'कसे आहात?'बद्दल दाखवलंय. 'बरं नाही' म्हटलं, की समोरच्याला 'का, काय झालं?' विचारणं भाग पडतं. आणि जे झालंय ते सांगण्यासारखी ती व्यक्ती दर वेळी असतेच असं नाही. म्हणून आपण "मस्त!" म्हणतो आणि सुटतो. निबंधाचं नावच आहे 'प्रत्येकाला खोटं बोलावं लागतं'. आमचे आजोबा "तब्येत काय म्हणते?" ऐकलं की शुगरपासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगतात. पण नीट बघितलंत तर कळेल, तेही माणूस बघून सांगतात. रिक्षावाल्या काकांना फक्त "झकास!"

आता गोची अशी, की तोच प्रश्न कधीकधी अगदी खराखुरा असतो आणि आपलं उत्तर मात्र सवयीचंच जातं.

गेल्या वर्षी माझ्या रूममेटची स्कॉलरशिप लांबली. पैसे पुरवायचे म्हणून तिने रात्रीची मेस बंद केली आणि कोणाला सांगितलं नाही. मी रात्री रूमवर आले की विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो, मघाशीच." मी तोवर पाठ फिरवून मोबाइल चार्जिंगला लावत असायचे. जवळजवळ दोन आठवडे हे असंच चाललं.

पकडलं तिच्या आईने, तेही गावाहून फोनवर. त्यांचाही पहिला प्रश्न तोच असायचा, पण त्या तिथे थांबायच्या नाहीत. "जेवलीस का?" नंतर "काय होतं भाजीला?" पहिल्या प्रश्नाला 'हो' तयार असतं, दुसऱ्याला भाजी शोधावी लागते. ती जरा थांबायची आणि सांगायची, "बटाटा." दुसऱ्या दिवशीही बटाटा, तिसऱ्या दिवशीही बटाटा. चौथ्या दिवशी त्यांनी मला फोन केला, "अगं, तुमच्या मेसमध्ये रोज बटाटाच असतो का गं?"

त्या दिवशी फ्लॉवर होता.

मी तिला विचारलं तेव्हा ती आधी चिडली, मग रडली. म्हणाली, "तू विचारायचीस, पण 'नाही' म्हटलं असतं तर तुला काहीतरी करावं लागलं असतं ना." काकूंच्या जिन्यावरचाच हिशोब! फक्त इथे मी काकू होते आणि मला ते कळलंच नाही.

तिचे पैसे पुढच्या महिन्यात आले. तोवर आम्ही माझ्या डब्यात दोघी जेवलो, वर दोन पोळ्या जास्त घेतल्या. आता मी तिला "जेवलीस का?" विचारत नाही. आठ वाजले की दारातून ओरडते, "मी निघाले मेसला, चप्पल घाल!" तिला एखाद्या दिवशी खरंच भूक नसते, तेव्हा ती तसं सांगते.

तिची आई मात्र अजून रोज भाजी विचारते. काल कोबी होता.