सहा पानांचा माणूस

माझा एक कॉलेजातला मित्र चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा प्लँट हेड आहे. इंजिनीअर होऊन त्याला बावीस वर्षं झाली. मध्यंतरी नोकरी बदलायचं त्याच्या मनात आलं, तेव्हा त्यानं मला रेझ्युमे पाठवला. सहा पानं. सोबत एक ओळ होती, "जरा बघ रे, मोठा झालाय का?"

माझ्या नोकरीत मी बरीच वर्षं असे रेझ्युमे चाळतो, त्यामुळे मोठा आहे हे न उघडताच कळलं होतं. तरी मी प्रिंट काढली आणि पेन्सिलीनं ओळी मोजल्या. सगळ्या मिळून 270 भरल्या. त्यांतल्या 74 ओळी नोकरीच्या पहिल्या नऊ वर्षांवर होत्या, म्हणजे ट्रेनी इंजिनीअर ते असिस्टंट मॅनेजर. आता तो जिथे साडेतीनशे माणसं सांभाळतो, त्या सहा वर्षांच्या वाट्याला आल्या होत्या 31 ओळी. उरलेल्यात प्रशिक्षणांची लांबलचक यादी, शिक्षण, घरची माहिती आणि शेवटी "वरील माहिती सत्य आहे" असं प्रतिज्ञापत्र, सहीच्या जागेसकट.

हे मुद्दाम कुणी करत नाही. दर वेळी नोकरी बदलताना आपण जुनी फाइल उघडतो, वर अर्धं पान चढवतो आणि खालचं तसंच ठेवतो. ट्रेनी असताना सांगण्यासारखं दुसरं काही नसतं, म्हणून तेव्हा बारीकसारीक सगळं लिहिलेलं असतं. पुढे कामाचा व्याप वाढतो आणि लिहायला वेळ उरत नाही. त्यामुळे वीस वर्षांनी रेझ्युमे उलटा झालेला असतो. माणूस जिथे लहान होता तिथे मजकूर जास्त आणि जिथे मोठा झाला तिथे कमी.

या अनुभवाच्या माणसाला खासगी उद्योगात दोन पानं पुरतात. एका पानाचा हट्ट धरू नये, कारण इतकी वर्षं एका पानात कोंबली की काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. तिसरं पान तेव्हाच, जेव्हा पेटंटं किंवा मोठ्या प्रकल्पांची यादी मागितलेली असते. विद्यापीठं आणि सरकारी उपक्रमांचे अर्ज यांचे नियम वेगळे, तिथे ते मागतील तसं द्यावं.

एफोर कागदावर अकरा पॉइंटचा टाइप आणि नेहमीचे समास ठेवले तर दोन पानांत साधारण 90 ओळी बसतात. टाइप आठवर आणून सहा पानांची चार करता येतात, पण पहिला वाचणारा बहुधा तो मोबाइलवरच बघतो. तिथे बारीक टाइप म्हणजे न लिहिल्यासारखंच.

आम्ही आधी 90 ओळी वाटून टाकल्या. नाव, संपर्क आणि चार ओळींची ओळख मिळून आठ. सध्याच्या नोकरीला तीस. त्याआधीच्या, जिथे तो मॅनेजरचा डीजीएम झाला, त्या पाच वर्षांना बावीस. पहिल्या नऊ वर्षांना फक्त सहा. उरलेल्या ओळी शिक्षण, मोजकी प्रमाणपत्रं आणि मोकळी जागा यांना. ही वाटणी कात्री चालवण्याआधी करावी. नाहीतर प्रत्येक ओळीवर भांडण होतं आणि प्रत्येक ओळ जिंकते.

जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, छंद, प्रतिज्ञापत्र हे पाच मिनिटांत गेलं. दहावी-बारावीचे टक्के काढताना तो जरा हळहळला. त्याचे गुण चांगले होते.

खरी अडचण कामाच्या वर्णनाची होती. मूळ रेझ्युमेत (तो अर्थात इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगतो) लिहिलं होतं, "प्लँटचं उत्पादन, गुणवत्ता, मेंटेनन्स आणि डिस्पॅच यांची संपूर्ण जबाबदारी." मी विचारलं, "प्लँट हेडकडे हे नसतं असा प्लँट हेड तू पाहिलायस?" हुद्द्यावरून जे आपोआप कळतं ते लिहायचं नाही, ही आमची चाळणी ठरली. तिच्यातून पहिल्या दिवशी साठेक ओळी गळाल्या.

त्यांच्या जागी काय आलं? तो म्हणाला, "लिहिण्यासारखं विशेष काही नाही." मग चहावर बोलता बोलता निघालं, की तो आला तेव्हा ग्राहकाकडून दर दहा लाख भागांमागे 180 परत येत होते, दोन वर्षांत ते 35 वर आले. कसे? वेल्डिंगच्या दोन फिक्श्चरचा दोष सापडला आणि तपासणी शेवटच्या टेबलावरून मशीनपाशी आणली. एवढं सगळं दोन ओळींत बसलं. समोरच्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल असा धागा त्यात आहे. "संपूर्ण जबाबदारी"वर कुणी काय विचारणार? आकडा मात्र असाच द्यावा, जो आपल्याला मुलाखतीत तळापर्यंत उलगडून सांगता येईल.

प्रशिक्षणांच्या यादीत क्यूएस-9000चं इंटर्नल ऑडिटर प्रमाणपत्र होतं. ते मानक 2006 सालीच बंद झालं. आज वाहन उद्योगात 2016चं आयएटीएफ 16949 चालतं आणि त्याचंही प्रशिक्षण त्याच्याकडे होतं, पण यादीत अकराव्या क्रमांकावर. जुनं प्रमाणपत्र ज्ञानापेक्षा वय जास्त सांगतं. फाइव्ह-एस आणि कायझेनच्या एकदिवसीय कार्यशाळाही गेल्या. या पदावरचा माणूस त्या घेतो, त्यांना बसल्याचं सांगत नाही.

एका बाबतीत मात्र मी त्याला अडवलं. तो पहिल्या दोन कंपन्या सपशेल पुसायला निघाला होता. आजकाल नोकरी देण्याआधी पार्श्वभूमी तपासतात, त्यात पीएफच्या नोंदीही पाहिल्या जाऊ शकतात. तिथे सापडलेली कंपनी रेझ्युमेत नसेल तर नसता संशय येतो. म्हणून वर्णन काढायचं, पण कंपनी, हुद्दा आणि वर्षं एका ओळीत ठेवायची. एकाच कंपनीतल्या बढत्या मात्र एका मथळ्याखाली घ्याव्यात. त्याचे दोन हुद्दे सुटे लिहिले होते, त्यामुळे भराभर नोकऱ्या बदलल्यासारखं दिसत होतं.

जुन्यातली एकच गोष्ट आम्ही राखली. 2007 साली मोकळ्या जमिनीवर नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा मशीन बसवण्यापासून पहिला माल निघेपर्यंत तो तिथे होता. ज्या कंपनीकडे अर्ज जायचा होता ती नवा प्लँट काढत होती. दुसरीकडे अर्ज असता तर ही ओळही गेली असती. लांबी अनुभवाच्या वर्षांवरून ठरत नाही, समोरच्या जागेवरून ठरते. म्हणून सहा पानांची मूळ फाइल फेकायची नाही. तिचं नाव `Resume_Full` ठेवून ती जपायची आणि दर अर्जाला त्यातून उचलायचं.

एवढं करून चार ओळी तिसऱ्या पानावर सांडल्याच. मित्र समास कमी करायला माउस नेत होता. मी म्हटलं, थांब, आधी वाच. त्या चारांत एक होती, 2004 साली ट्रेनी असताना मिळालेल्या उत्तम सूचनेच्या बक्षिसाची. ड्रिल मशीनच्या बाजूला बिटं ठेवायला त्यानं एक खाचांची पट्टी सुचवली होती. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग ती ओळ कापून `Resume_Full`मध्ये चिकटवली, तिथे ती आधीच होती हे विसरून.