फोनचे नेटवर्क अचानक गेले तर

डिसेंबर २०१८ मधील २७ आणि २८ तारखांच्या दरम्यानच्या रात्री मुंबईतील माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मोबाइलवर सहा मिस्ड कॉल आले. सकाळी त्यांनी त्या क्रमांकांवर उलट फोन लावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आपले सिमकार्डच बंद पडल्याचे त्यांच्या लक्षात आले. मोबाइल कंपनीकडे विचारणा करता, सिम बदलण्याची विनंती त्यांच्याच नावाने नोंदली गेली असल्याचे समजले. त्यांनी अशी कोणतीही विनंती केलेली नव्हती. बँकेत पोहोचेपर्यंत २८ व्यवहारांतून १ कोटी ८६ लाख रुपये त्यांच्या खात्यातून गेले होते. त्यांपैकी सुमारे २० लाख रुपयेच बँकेला तातडीने रोखता आले.

या घटनेच्या बातम्यांत मिस्ड कॉल ठळकपणे छापले गेले आणि अनोळखी मिस्ड कॉल आला की पैसे जातात, असा समज अनेकांच्या मनात घर करून बसला. प्रत्यक्षात मिस्ड कॉलमुळे कोणाच्याही खात्यातून एक रुपयाही निघू शकत नाही. अवेळी वारंवार वाजणारी घंटा पुष्कळदा एवढ्याचसाठी असते, की त्रासून माणसाने फोन बंद करावा किंवा बाजूला ठेवावा आणि पुढे फोनचे नेटवर्क गेले तरी त्याच्या लक्षात येऊ नये. नेटवर्क जाणे हीच या गुन्ह्याची खरी खूण आहे.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपला दहा अंकी क्रमांक सिमकार्डाच्या आत कायमचा कोरलेला नसतो. सिममध्ये असते ती तिची स्वतःची ओळख आणि एक गुप्त किल्ली. अमुक क्रमांक अमुक सिमचा, ही नोंद मोबाइल कंपनीच्या वहीत असते. सिम हरवल्यावर तोच क्रमांक नव्या सिमवर मिळतो, तो या नोंदीत बदल केल्यामुळेच. भामटा हीच सोय वापरतो. बनावट ओळखपत्र दाखवून तो दुकानातून दुसरे सिम घेतो. नाहीतर कंपनीचा माणूस असल्याचे भासवून ग्राहकालाच फोन करतो. ‘आपले सिम फाइव्ह-जी करून देतो’, ‘ई-सिम सुरू करून देतो’ असे सांगून तो सिमच्या पाठीवरचा सुमारे वीस अंकी क्रमांक विचारतो, किंवा आपल्याजवळच्या कोऱ्या सिमचा क्रमांक ग्राहकाकडून एसएमएसने कंपनीला पाठवून घेतो आणि संमतीसाठी एक आकडा दाबायला लावतो. त्या क्षणी वहीतील नोंद बदलते. एका क्रमांकाला एका वेळी एकच सिम चालत असल्याने आपल्या हातातील सिम मुकी होते आणि बँकेचा ओटीपी भामट्याच्या फोनवर जाऊ लागतो.

मात्र केवळ ओटीपीवर खाते उघडत नाही. नेट बँकिंगचे नाव व पासवर्ड बहुधा आधीच खोट्या संकेतस्थळावरून किंवा फोनमध्ये शिरलेल्या अपायकारक अॅपमधून चोरलेले असतात. सिमची अदलाबदल ही शेवटची पायरी होय. म्हणूनच ती घडल्यानंतर हाती उरणारा वेळ फार थोडा असतो.

व्यापारी घरांत ही खूण नजरेतून सुटण्याचे एक साधे कारण आहे. सांगलीच्या गणपती पेठेतील पेढीवर किंवा साताऱ्याच्या खण आळीतील दुकानात दिवसभर वाय-फाय चालू असते. सिम बंद पडली तरी वाय-फायवर व्हॉट्सअॅप पूर्ववत चालते, भाव येत राहतात, ग्राहकांचे संदेश येत राहतात. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील रेघा गेल्या आहेत आणि तेथे No Service किंवा Emergency calls only असे शब्द आले आहेत, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शिवाय बँकेला दिलेला क्रमांक पुष्कळदा दिवाणजींच्या किंवा पुण्यात असलेल्या मुलाच्या फोनमध्ये असतो. ज्याच्या फोनचे नेटवर्क जाते त्याला खात्याची कल्पना नसते, आणि ज्याचे खाते आहे त्याला नेटवर्क गेल्याचे कळत नाही.

नेटवर्क तर कोयना खोऱ्यात आणि महाबळेश्वरच्या घाटातही जाते. मग फरक कसा ओळखावा? प्रथम फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. रेघा आल्या नाहीत तर त्याच कंपनीची सिम असलेला शेजारच्या माणसाचा फोन पाहावा. तो चालत असेल तर दोष मनोऱ्याचा नाही. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःचाच क्रमांक लावावा. पलीकडे घंटा वाजते आहे आणि हातातील फोन मात्र गप्प आहे, असे झाले तर क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेल्याचा दाट संशय घ्यावा. ‘फोन बंद आहे’ असे ऐकू आले तरी निश्चिंत होऊ नये. भामट्याने त्याचा फोन तात्पुरता बंद ठेवलेला असू शकतो. आपण न केलेल्या सिमबदलाच्या विनंतीचा एसएमएस आला असेल, तर नेटवर्क जाण्याचीही वाट पाहू नये.

खात्री पटताच क्रम असा ठेवावा. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करावे. नंतर मोबाइल कंपनीला सांगून नवी सिम थांबवावी. पैसे गेले असल्यास लगेच १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. बँकेचा तक्रार क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून तिसऱ्याची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर तोट्याचा भार पडत नाही. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी असेच परिपत्रक निघाले. मात्र ग्राहकाने स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये नवी सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास तिच्यावरील एसएमएस बंद ठेवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. हा एक दिवस सावध ग्राहकासाठी मोलाचा आहे. पण शनिवारी सायंकाळी सिम बदलली गेली आणि ‘सोमवारी दुकानात जाऊन पाहू’ असे म्हटले, तर रविवारी सायंकाळीच ती मुदत संपते. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही रात्रंदिवस चालू आहे. मोठी रक्कम हलवण्यासाठी भामट्याला आता बँक उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

पेढीपुरते दोन बदल आजच करता येतात. बिलबुकावर आणि पाटीवर छापलेला क्रमांक बँकेला दिलेला नसावा. खात्यासाठी कोणालाही न दिलेला वेगळा क्रमांक ठेवावा. चालू खात्यावर मोठी रक्कम पाठवताना एकाने व्यवहार भरावा व दुसऱ्याने आपल्या फोनवरून मंजुरी द्यावी, अशी सोय अनेक बँका देतात, ती मागून घ्यावी. मग एक सिम हातची गेली, तरी दुसऱ्याच्या मंजुरीवाचून रक्कम हलत नाही. सिमला लावलेला पिन मात्र येथे उपयोगी पडत नाही. तो चोरीला गेलेल्या सिमचे रक्षण करतो. या गुन्ह्यात जुनी सिम आपल्याच फोनमध्ये असते. फक्त क्रमांक तिचा राहिलेला नसतो.