बस डाव्या हाताला

अहमदाबादच्या १३२ फुटी रिंग रोडवर शास्त्रीनगरला एक प्रवासी फूटपाथवर उभा आहे. त्याला शिवरंजनीला जायचे आहे. 'जनमार्ग' म्हणजे इथली बीआरटी २००९ साली सुरू झाली. तिचे थांबे रस्त्याच्या मधोमध आहेत, त्यामुळे बस पकडण्याआधी त्याला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो.

अपघाताची भीती असते ती याच अर्ध्या रस्त्यात. गाड्यांची लेन तुंबलेली असली की माणसाला वाटते, सगळेच थांबले आहे. तो रिक्षा आणि मोटारीच्या फटीतून वाट काढतो आणि थेट बसच्या लेनमध्ये पाय टाकतो. ती लेन मात्र मोकळी असते, आणि मोकळी असल्यामुळेच तिथून बस वेगात येते. शेजारच्या टेम्पोआडून निघालेला माणूस चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. म्हणून झेब्रावरून, सिग्नल मिळाल्यावरच निघायचे आणि बसची लेन हा दुसरा रस्ता समजून तिच्या तोंडाशी पुन्हा उजवीकडे पाहायचे. थांब्यावरून पलीकडच्या फूटपाथवर जाताना वाहने डावीकडून येतात. उलट्या दिशेने घुसणारे दुचाकीस्वार कुठूनही.

थांब्यात शिरल्यावर तिकीट खिडकीवरच मिळते. आत दोन्ही बाजूंना दारे, मग शिवरंजनीची बस कोणत्या दाराशी लागणार? ज्या दिशेला जायचे तिकडे तोंड करून उभे राहा, बस डाव्या हाताला येईल. शिवरंजनी दक्षिणेला आहे. दक्षिणेकडे जाणारी बस रस्त्याच्या डाव्या अंगाने, म्हणजे थांब्याच्या पूर्वेकडून धावते, आणि थांबा तिच्या उजवीकडे येतो. म्हणूनच या बसला उजव्या बाजूलाही दारे असतात. चुकीच्या दाराशी उभे राहिलात तर चार पावले चालून समोरच्या दाराशी जायचे, लेनमध्ये उतरायचे नाही. जिथे दोन दिशांचे फलाट वेगळे असतात, तिथे मात्र परत झेब्रा गाठावा लागतो.

बसवरची पाटी मात्र दर वेळी उपयोगी पडेलच असे नाही. आरटीओहून निघून आरटीओलाच परतणाऱ्या सर्क्युलर आणि अँटी-सर्क्युलर बसचे शेवटचे ठिकाण एकच. तिथे 'पुढचा थांबा कोणता?' हेच विचारावे.

इस्तंबूलमध्ये वाहने उजवीकडून चालतात, पण तिथल्या मेट्रोबसला दारे फक्त उजव्या बाजूला आहेत आणि फलाट मधोमध. मग दारे फलाटाकडे यावीत म्हणून मार्गिकेच्या बहुतेक भागात बसच उलट्या बाजूने, म्हणजे डावीकडून धावतात. अहमदाबादचा प्रवासी तिथे उतरला, तर जायच्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यावर त्याची बस तिथेही डाव्या हातालाच येईल. बोगोटात मात्र ती उजव्या हाताला लागते.

पुण्यात २००६ पासून बीआरटी आहे. तिथे मार्गिकेत शिरलेली बस फूटपाथकडच्या जुन्या थांब्याशी येत नाही, हे नवख्याला बस समोरून निघून गेल्यावरच कळते.