नोकरी हातात असतानाच

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होता. हिंजवडी-खराडीत या फळीतली माणसं बहुधा चाळिशीच्या आसपासची असतात. घराचा हप्ता, मुलांची शाळा आणि आईवडिलांची औषधं अशी तिहेरी जबाबदारी त्यांच्यावर असते.

अशा वेळी किती पैसे जवळ असावेत? हिशेब पगारावर करू नये, न टळणाऱ्या खर्चावर करावा. समजा, गृहकर्जाचा हप्ता ३२ हजार, घरखर्च २५, शाळा ८ आणि औषधं ५ हजार. महिन्याला ७० हजार झाले; सहा महिन्यांचे ४ लाख २० हजार. यातले दोन महिन्यांचे पैसे बचत खात्यात असावेत. उरलेल्या २ लाख ८० हजारांची एकच मुदत ठेव न करता ७० हजारांच्या चार कराव्यात. गरज पडली की एकच मोडावी लागते, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहतं.

पैशांपेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते आरोग्य विम्याकडे. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. त्यानंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलं, तर मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. स्वतःची छोटी पॉलिसी नोकरीत असतानाच घेतली, तर हा काळ पगार चालू असताना सरत जातो. ती न घेतलेल्यांनी निदान नोकरी सुटण्यापूर्वी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराची चौकशी करावी.

कौशल्याची परीक्षा घरीच घेता येते. वर्षातून दोनदा आपल्याच पदाच्या दहा जाहिराती वाचाव्यात. सहा-सात ठिकाणी मागितलेलं एखादं तंत्र आपल्याला येत नसेल, तर शिकायचं तेच. नुसतं प्रमाणपत्र मुलाखतीत फार काळ तग धरत नाही. ते कुठे वापरलं, हा प्रश्न येतोच. म्हणून चालू प्रकल्पातलं त्या तंत्राचं छोटंसं काम मागून घ्यावं.

ओळखींचंही तसंच. कंपनी सोडून गेलेला जुना मॅनेजर किंवा सहकारी आपलं काम जवळून पाहिलेला असतो, त्यामुळे त्याची शिफारस वजनदार ठरते. पण तीन वर्षं बोलणं नाही आणि एकदम रेझ्युमे पाठवला, तर त्यालाही अवघडल्यासारखं होतं. अधूनमधून फोन करावा, त्याच्याकडच्या जागेसाठी एखादं चांगलं नाव सुचवावं.

कपातीच्या दिवशी कार्यालयाचा ईमेल आणि लॅपटॉप काही तासांत बंद होऊ शकतो. तेव्हा पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि नेमणूक-बढतीची पत्रं स्वतःच्या ईमेलवर आजच घ्या. पीएफच्या यूएएनला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही तपासा.