एकच सॉकेट

दिल्लीत धाकट्या भावाचं ऑपरेशन होतं आणि भुसावळनंतर आमचा फोनच बंद पडला. स्लीपरच्या कप्प्यात एकच सॉकेट चालू, त्यात समोरच्या आजींचा फोन. साडेदहा झाले होते. रात्री अकरा ते पहाटे पाच अनेक गाड्यांत चार्जिंगची वीज बंद ठेवतात. आमचा चेहरा पाहून आजींनीच पिन काढली.

पार उतरलेला फोन लावताच उठत नाही. पाच मिनिटं पडदा काळाच. सुरू झाल्यावर आम्ही फ्लाइट मोड लावला. नाहीतर सिग्नल शोधण्यातच चार्ज जातो. अकराला नऊ टक्के. मोड काढताच भावजयीचा मेसेज आला : ‘शुद्धीवर आलेत, अल्हम्दुलिल्लाह.’

आजी म्हणाल्या, “बाळा, आता माझ्या लेकाला कळव. इटारसीला घ्यायला येणार आहे.”