ब्लॉगवरचं ‘इथून सुरुवात करा’ पान कसं तयार करायचं?

ब्लॉगच्या मुख्य पानावर सहसा सर्वात नवा लेख वर दिसतो. समजा, गड-किल्ल्यांवरच्या तुमच्या ब्लॉगवर १२० लेख आहेत आणि काल तुम्ही ट्रेकिंगच्या बुटांबद्दल लिहिलं. आज पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटेल, हा बुटांचा ब्लॉग आहे. त्याला हवा असलेला लोहगडाचा लेख मात्र दहाव्या पानावर असतो. ‘इथून सुरुवात करा’ हे पान त्यासाठीच असतं.

विषय नको, वाचक ठरवा

‘किल्ले’, ‘इतिहास’, ‘साहित्य’ अशी वर्गवारी ब्लॉगवर आधीच असते. या पानावर वाचकाची गरज लिहा. आपल्या उदाहरणात तीन गट पुरेत:

- पहिल्यांदाच गडावर निघालात? लोहगड, मग राजमाची, मग बॅग कशी भरायची.
- अवघड वाटा हव्यात? हरिहरच्या कातळपायऱ्या, मग हरिश्चंद्रगडाची नळीची वाट.
- चढायचं नाही, इतिहास वाचायचाय? गडांचे दरवाजे, पाण्याची टाकी, शिलालेख.

प्रत्येक गटात दोन-तीनच लेख ठेवा आणि सोप्याकडून अवघडाकडे जा. लिंकखाली एक ओळ हवी. ‘लोहगडाबद्दल माहिती’ असं लिहून काही कळत नाही. ‘मळवली स्टेशनवरून चालत कसं जायचं आणि पावसाळ्यात कुठे पाय घसरतो’ हे वाचून माणूस लिंक उघडतो.

लेख कसे निवडायचे?

फक्त व्ह्यूज पाहू नका. एखादा लेख व्हायरल फोटोमुळे उघडला जातो आणि लगेच बंद होतो. गुगल ॲनालिटिक्समध्ये `Pages and screens` या अहवालात `Average engagement time` बघा. मोठे लेख वाचायला तसाही जास्त वेळ लागतो, त्यामुळे साधारण सारख्या लांबीच्या लेखांचीच तुलना करा. जुन्या लेखातले बसचे वेळापत्रक, प्रवेशशुल्क आणि पावसाळी बंदीची माहिती तपासूनच तो या पानावर घ्या. नवख्या माणसाने त्यावर विसंबून घर सोडलं, तर जुनी माहिती त्याला महागात पडेल.

पान कुठे ठेवायचं?

वर्डप्रेसवर हे `Post` म्हणून नाही, तर `Page` म्हणून बनवा. पोस्ट नव्या लेखांखाली ढकलली जाते, पेज जागेवर राहतं. मेन्यूत ते पहिलं ठेवा. पण मोबाइलवर मेन्यू बहुतेक वेळा तीन रेघांमागे लपतो. शिवाय गुगलवरून येणारे वाचक मुख्य पान न बघता थेट एखाद्या लेखावर उतरतात. म्हणून प्रत्येक लेखाच्या शेवटी आणि इन्स्टाग्रामच्या बायोमध्येही या पानाची लिंक द्या.

चालतंय की नाही, कसं कळेल?

महिन्याभराने बघा, या पानावर आलेले किती जण पुढच्या लेखावर गेले. लोक येतात पण पुढे जात नाहीत, तर बहुधा गटांची नावं धूसर आहेत किंवा लिंक फार आहेत. एकाच गटावर कोणी क्लिक करत नसेल, तर आधी त्याचा मथळा बदला, लेख नंतर. आणि नवा लेख घ्यायचा असेल, तर एक जुना काढा. नाहीतर वर्षभरात हे पान म्हणजे पुन्हा १२० लेखांची यादीच होईल.