सभेच्या इतिवृत्तातील कायदेशीर सल्ल्याची नोंद

सभेत वकिलाकडून मिळालेल्या सल्ल्याची नोंद करताना सल्ला मिळाला एवढेच लिहावे, सल्ल्यातील मजकूर लिहू नये, असा संकेत आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार पक्षकाराच्या संमतीविना वकील हा सल्ला उघड करू शकत नाही. पक्षकारालाही तो न्यायालयात सांगण्यास सामान्यतः भाग पाडता येत नाही, अशी तरतूद कलम १३४ मध्ये आहे. हे संरक्षण गोपनीयतेवर अवलंबून असते. इतर लोक वाचू शकतील अशा वहीत सल्ला उतरल्यास तो गोपनीय असल्याचा दावा टिकणे अवघड होते.

गृहनिर्माण संस्थेतील उदाहरण

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचा प्रत्येक सभासद समितीच्या सभांचे इतिवृत्त पाहू शकतो. ज्याच्याविरुद्ध संस्थेचा वाद चालू आहे, तो सभासदही त्यास अपवाद नाही. समजा, एका सभासदाने गच्चीवर खोली बांधली असून समितीने वकिलाला सभेस बोलावले आहे. सचिवाने पुढीलप्रमाणे नोंद केली, तर प्रतिपक्षाला संस्थेची दुबळी बाजू आयतीच कळते :

«वकिलांच्या मते २०१९ साली समितीनेच परवानगीचे पत्र दिल्याने दावा टिकणार नाही, तडजोड करावी.»

तीच नोंद अशी करता येते :

«विषय ४ : गच्चीवरील बांधकाम. संस्थेचे वकील ८.१० वाजता उपस्थित झाले. त्यांनी समितीला कायदेशीर सल्ला दिला व सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. ते ८.३५ वाजता गेले. ठराव : संबंधित सभासदाशी बोलणी करण्याचा अधिकार सचिवांना देण्यात येत आहे. एकमताने संमत.»

दुसऱ्या नोंदीवरून समितीने निर्णयापूर्वी सल्ला घेतला हे सिद्ध होते आणि ठरावही पूर्ण राहतो. «वकिलांच्या अमुक मतानुसार» असे कारण ठरावात घातल्यास मात्र वगळलेला मजकूर मागील दाराने परत येतो. वकिलाचे लेखी मत इतिवृत्तास न जोडता स्वतंत्र गोपनीय धारिकेत ठेवतात. सचिवाची कच्ची टिपणे, ध्वनिमुद्रण आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावरील संदेश यांनाही हीच काळजी लागू होते.

वादातील सभासद स्वतः समितीवर असेल, तर सल्ला सुरू होण्यापूर्वी त्याने बाहेर जावे आणि त्याच्या जाण्यायेण्याची वेळ इतिवृत्तात नोंदवावी. विकासकाचा प्रतिनिधी किंवा अन्य त्रयस्थ व्यक्ती उपस्थित असल्यास गोपनीयतेचा आधारच डळमळीत होतो.

मर्यादा

संरक्षण सल्ल्याला असते, मूळ वस्तुस्थितीला नसते. वरील उदाहरणातील २०१९ चे पत्र वकिलाला दाखविल्यामुळे गोपनीय ठरत नाही. वकिलाने खर्च किंवा कंत्राटदाराची निवड यांविषयी केलेली व्यावहारिक सूचना कायदेशीर सल्ला नव्हे. ती नेहमीप्रमाणे नोंदवली जाते. «गोपनीय» असा शिक्का मारल्याने सामान्य कागदाला संरक्षण मिळत नाही. बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी झालेला संवादही कलम १३२ च्या संरक्षणाबाहेर राहतो.